एका तसबिरीच्या तीन तारखा

१/
चंद्रपूरजवळचे ऊर्जानगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत. तिथली घरे १९८० च्या दशकापासूनची, परंतु त्या घरांच्या भिंतींवरचे देव वसाहतीहून पुष्कळ जुने असू शकतात. नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी आपापल्या गावांहून धान्याच्या कोठ्या आणल्या, पितळी भांडी आणली, तशा काचेतल्या तसबिरीही आणल्या. त्या तसबिरींचे वय कसे ठरवायचे, हा या थ्रेडचा विषय आहे.

२/
प्रश्न वाटतो तेवढा शोभेचा नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना सामान आवरले जाते. काच तडकलेली, कागद तपकिरी झालेला देव नव्या घरात नको असतो. मग चौकट पिंपळाखाली ठेवली जाते किंवा चित्र इरईच्या पाण्यात सोडले जाते. दुसऱ्या बाजूला असाच कागद "राजा रविवर्म्यांचे मूळ चित्र" म्हणून मोठ्या किमतीला विकला जातो. काय वाहून गेले आणि काय विकत घेतले, हे दोन्ही ठिकाणी बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

३/
गोंधळाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. तसबिरीला एक तारीख नसते, किमान तीन असतात. पहिली, मूळ चित्र रंगवले गेले ती. दुसरी, हातातला कागद छापला गेला ती. तिसरी, तो कागद या काचेत आणि या चौकटीत बसवला गेला ती. या तिन्हींत पन्नास-साठ वर्षांचे अंतर सहज पडू शकते. घरातली आठवण यांपैकी एका तारखेची असते, विक्रेता दुसरी सांगतो, आणि पुरावा प्रत्येकीचा वेगळा असतो.

४/
उदाहरणासाठी अशा घरांत नेहमी आढळणारा एक नमुना गृहीत धरू. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, मागे जलाशय, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. हे रविवर्म्यांचे चित्र, साधारण १८९६ चे. घरातली समजूत अशी की ही तसबीर आजेसासूबाईंच्या लग्नात आली, म्हणजे १८९० च्या दशकात. चित्राच्या खालची पट्टी कापलेली आहे, त्यामुळे छापखान्याचे नाव दिसत नाही.

५/
ही पट्टी कापलेली असणे फार सामान्य आहे. चौकट करणारा कारागीर कागदाच्या मापाची काच क्वचितच कापत असे. हाताशी असलेल्या काचेच्या मापाला तो कागद कापून बसवी. चित्राभोवतीचा पांढरा हाशिया त्याच्या दृष्टीने निरुपयोगी, आणि मुद्रकाचे नाव व ठिकाण नेमके त्याच हाशियावर छापलेले. म्हणून नाव वाचून तारीख ठरवण्याचा सोपा मार्ग अनेकदा बंद झालेला असतो आणि कागदालाच बोलते करावे लागते.

६/
त्यासाठी आधी थोडा छापखान्यांचा इतिहास. रंगीत देवचित्रे घरोघर पोहोचवण्याचे काम शिळाछापाने केले. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. मग शिळा ओली करायची. तेलकट जागा पाणी झटकते आणि छपाईची शाई धरते, ओली जागा शाई झटकते. आलोइस झेनेफेल्डरने ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत बव्हेरियात शोधली. उत्तम शिळाही तिथल्याच झोल्नहोफेनच्या खाणींतून येत.

७/
रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. फिकट पिवळा, गुलाबी, निळा, करडा, तपकिरी असे आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक रंग एकाच कागदावर एकामागून एक उतरत. यालाच क्रोमोलिथोग्राफ म्हणतात. त्यावर रोगण चढवून आणि कधी कॅनव्हाससारखी खरखरीत वीण दाबून तैलचित्राचा भास निर्माण केला, तर त्याला ओलिओग्राफ म्हणत.

८/
महाराष्ट्रात या धंद्याचा पाया पुण्यात घातला गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू केली. तिचे रामपंचायतन दूरवर पोहोचले. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी गोवर्धनदास खटाव-माखनजी यांच्या भागीदारीत गिरगावात आपला छापखाना काढला. तो पुढे घाटकोपरला आणि शतकाच्या अखेरीस लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मुंबईतला प्लेग, वाढते कर्ज यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला.

९/
रविवर्म्यांचे निधन १९०६ मध्ये झाले, परंतु छापखाना थांबला नाही. तीच लक्ष्मी आणि तीच सरस्वती पुढेही दशकानुदशके छापली जात राहिली. इतर छापखान्यांनी त्यांच्या नकला केल्या, जर्मनीतूनही देवचित्रे छापून येत. तेव्हा चित्र रविवर्म्यांचे आहे, एवढ्यावरून फक्त पहिली तारीख कळते: हा कागद १८९६ पूर्वीचा नाही. तो १९०० चा असेल, १९२५ चा असेल किंवा मागच्या वर्षीचाही असेल.

१०/
दुसरी तारीख शोधायला दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग पुरते. ते साडीच्या गडद भागावर धरून फारसे हाती लागत नाही. देवीचा गाल, कपाळ आणि आकाशाचा फिकट भाग पाहावा, कारण रंगांचे हळुवार उतार तिथे असतात आणि ते उतार कसे साधले, यातच छपाईची पद्धत उघडी पडते.

११/
क्रोमोलिथोग्राफमध्ये गालावर बारीक ठिपक्यांची दाटी दिसते. हे ठिपके कारागिराने शिळेवर हाताने टिपलेले असतात, म्हणून ते लहान-मोठे, कुठे विरळ तर कुठे दाट, कोणत्याही ओळीत न बसणारे असतात. गुलाबी ठिपक्यांच्या शेजारी पिवळे, निळसर, करडे ठिपके स्वतंत्रपणे ओळखता येतात. काही भागांत ठिपक्यांऐवजी खडूचा रवाळ पोत दिसतो, पाटीवर खडू आडवा फिरवल्यासारखा.

१२/
दुसरी खूण कडांवर सापडते. एकाच कागदावर दहा वेळा छापताना प्रत्येक रंग नेमका आपल्या जागी पडला पाहिजे. कागद ओलाव्याने किंचित जरी ताणला, तरी एखादा रंग सरकतो. मग ओठांचा लाल रंग ओठांच्या रेषेबाहेर जातो, बांगडीला पिवळी सावली पडते. रंग जुळवण्यासाठी हाशियावर छापलेल्या लहान फुल्या कधी कधी चौकटीच्या खाचेत दडून वाचलेल्या असतात. त्या अवश्य शोधाव्यात.

१३/
हाफटोनचे रूप याहून अगदी निराळे. त्यात कॅमेऱ्यात जाळी ठेवून चित्राचे ठिपक्यांत रूपांतर केले जाई. ठिपके लहान-मोठे असतात, पण त्यांची केंद्रे सरळ ओळींत, सारख्या अंतरावर असतात. रंगही बहुधा चारच: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. या चार जाळ्या वेगवेगळ्या कोनांत ठेवल्यामुळे भिंगाखाली लहान लहान गुलाबपुष्पांसारखी रचना दिसते. गालावर ही रचना दिसली, की तो कागद हाताने टिपलेल्या शिळांवरचा नाही.

१४/
हाफटोनमध्येही दोन पिढ्या आहेत. जुन्या पद्धतीत धातूचा उठावाचा ठसा कागदावर दाबत. शाई ठिपक्याच्या कडेला ढकलली जाई, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याभोवती गडद कडी दिसते आणि कागदाच्या पाठीवर कधी दाबाचा उठावही जाणवतो. ऑफसेटमध्ये शाई आधी रबरी पृष्ठावर आणि मग कागदावर उतरते. तिथे ठिपका सपाट, सर्वत्र सारखा आणि कडीविना असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बहुतेक कॅलेंडरे या दुसऱ्या प्रकारची आहेत.

१५/
फसगत नेमकी कुठे होते, तेही पाहायला हवे. जुन्या क्रोमोलिथोग्राफचे छायाचित्र घेऊन ऑफसेटवर पुन्हा छापले, तर कारागिराने टिपलेले ठिपकेही नव्या कागदावर येतात. साध्या डोळ्यांना चित्र अस्सल भासते. भिंगातून मात्र ते जुने ठिपके स्वतःच चार रंगांच्या सरळ ओळींतल्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनलेले दिसतात. जुन्या प्रतीवरचे डाग आणि घड्याही छापून येतात. कागद सपाट आहे आणि घडी नुसती रंगात आहे, असे आढळले तर निकाल तिथेच लागतो.

१६/
दुसरी फसगत अलीकडची आहे. संगणकाच्या इंकजेट छपाईत ठिपके ओळींत नसतात, ते विखुरलेले असतात, म्हणून घाईत पाहणाऱ्याला ते शिळाछापाचे वाटू शकतात. फरक असा की इंकजेटचे ठिपके सर्वत्र एकसारखे अतिसूक्ष्म, फवारल्यासारखे असतात. रेषा आणि अक्षरेही त्याच फवाऱ्याने बनतात. शिळाछापात मात्र अक्षराची काळी रेषा सलग, भरीव असते. म्हणून गालाबरोबर एखादे अक्षर किंवा दागिन्याची रेषाही तपासावी.

१७/
आपल्या नमुन्यातल्या लक्ष्मीच्या गालावर हाताने टिपलेले, अनेक रंगांचे, ओळी न पाळणारे ठिपके आहेत आणि हत्तीच्या पाठीवर खडूचा रवा आहे, असे धरू. म्हणजे हे क्रोमोलिथोग्राफ. त्यामुळे कागद अलीकडच्या छपाईचा असण्याची शंका जवळजवळ मिटते. पण शिळाछाप चालू राहिला तो काळ लांबलचक आहे. १८९६ पासून पुढची कित्येक दशके अजून उघडीच आहेत. ती आवळण्यासाठी कागदाकडे वळावे लागते.

१८/
कागदाचा तपकिरी रंग हा वयाचा विश्वासू साक्षीदार नाही. यंत्राने दळलेल्या लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहते. असा स्वस्त कागद उजेडात आणि उष्णतेत थोड्या वर्षांत पिवळा पडतो, ठिसूळ होतो. चंद्रपूरचा उन्हाळा सोसलेले १९७० चे कॅलेंडर एखाद्या पेटीत सांभाळलेल्या १९१० च्या चांगल्या कागदाहून म्हातारे दिसू शकते. चहाच्या पाण्याने कागद जुना करणाऱ्यांचा धंदाही याच गैरसमजावर चालतो.

१९/
अधिक भरवशाची कसोटी अतिनील टॉर्चची. साधारण १९५० नंतर कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात प्रकाशवर्धक द्रव्ये घातली जाऊ लागली. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाश टाकला, की असा कागद निळसर-पांढरा लखलखतो. त्या आधीचा कागद मंद राहतो. चित्र लखलखले तर ते रविवर्म्यांच्या काळातले नाही, हे निश्चित. उलट बाजूने मात्र हे खरे नाही. प्रकाशवर्धक न घातलेला स्वस्त कागद नंतरही बनत राहिला. मंद राहणे म्हणजे जुनेपणाची शक्यता, पुरावा नव्हे.

२०/
कसोटी पाठीमागच्या कागदावर, हाशियावर, शाई नसलेल्या जागी करावी. ओलिओग्राफवरचे जुने रोगण अतिनील प्रकाशात स्वतःच हिरवट-पिवळे चमकते; ती चमक कागदाची समजू नये. डिंक, दुरुस्तीची पट्टी आणि कपड्याच्या साबणाचा अंशसुद्धा चमकतो. ठिपक्या-ठिपक्यांनी चमक असेल तर तो डाग, पूर्ण पृष्ठ समान चमकत असेल तर तो कागद.

२१/
आता तिसरी तारीख, चौकटीची. इथे पहिली नजर काचेवर. तसबीर तिरपी धरून खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब काचेत पाहावे आणि ती सावकाश फिरवावी. गज वाकडे-तिकडे हलले, काचेत लांबट बुडबुडे दिसले, तर ती फुंकून बनवलेल्या नळकांड्यातून उलगडलेली जुनी काच असू शकते. एकाच दिशेने समांतर लाटा दिसल्या, तर ती यंत्राने ओढून काढलेली काच. ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात रूढ होऊ लागली.

२२/
गज अजिबात न हलता सरळ राहिले, तर बहुधा ती फ्लोट काच. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवण्याची ही रीत ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. भारतात तिचे उत्पादन १९९० च्या दशकातले. अर्थात काच फुटते आणि बदलली जाते. जुनी काच नव्या चौकटीतही बसवली जाते. काच एवढेच सांगते की हा जोड या तारखेच्या आधी झालेला नसावा. चित्राच्या वयाबद्दल ती मुकी आहे.

२३/
खरी कमाई तसबिरीच्या पाठीशी असते. खोक्याच्या फळ्या, त्यांवर उरलेली छापील अक्षरे, खिळ्यांचा गंज, पाठीला चिकटवलेले वर्तमानपत्र. वर्तमानपत्राची तारीख वाचता आली, तर चौकट त्या दिवसानंतर बंद झाली, हे ठरले. तेवढेच ठरले, कारण रद्दी दहा वर्षे पडूनही असते. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चौकट करणाऱ्याच्या दुकानाची चिठ्ठी.

२४/
या दोन जिल्ह्यांपुरती तर चिठ्ठी हे जवळजवळ घड्याळच आहे. चंद्रपूरचे नाव १९६० च्या दशकापर्यंत चांदा होते. चांदा जिल्हा ब्रिटिश काळात मध्य प्रांतात होता. २६ जानेवारी १९५० पासून त्या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. पत्ता बदलत गेला, आणि प्रत्येक बदल एक तारीख ठेवून गेला.

२५/
म्हणून "चांदा, मध्य प्रदेश" अशी पूर्ण अक्षरे असलेली चिठ्ठी १९५० ते १९५६ या सहा-सात वर्षांतच छापली गेली असणार. "म. प्र." असे संक्षिप्त असेल तर सावध राहावे, कारण मध्य प्रांत लिहितानाही तीच अक्षरे वापरता येतात. शिवाय दुकानदार छापलेल्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरतो, त्यामुळे शेवटच्या टोकाला एक-दोन वर्षांची ढील द्यावी. सुरुवातीच्या टोकाला ढील नसते, कारण जे नाव अजून पडलेले नाही ते कोणी छापू शकत नाही.

२६/
किंमत छापलेली असेल तर तीही अशीच बोलते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. "४ आणे" हा भाव त्या आधीच्या किंवा लगतच्या काळाचा. "न. पै." म्हणजे नये पैसे ही खूण १९५७ ते १९६४ यांमधली, कारण १९६४ मध्ये "नये" हा शब्द गळाला. पत्त्यात सहा अंकी पिन कोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

२७/
आपल्या लक्ष्मीच्या पाठीवर "चांदा, मध्य प्रदेश" अशी चिठ्ठी आहे आणि काचेत एकाच दिशेच्या लाटा आहेत, असे धरू. दोन्ही पुरावे एकमेकांना छेद देत नाहीत. चौकट १९५० ते १९५७ च्या सुमाराची. म्हणजे घरातली समजूत खोटी ठरली का? घाईने हो म्हणणारा इथे चुकेल, कारण आतापर्यंत फक्त तिसरी तारीख ठरली आहे.

२८/
चौकट उघडण्यापूर्वी पुढून आणि मागून छायाचित्रे घ्यावीत. मग प्रकाश तिरपा टाकून चित्र काचेला चिकटले आहे का, ते पाहावे. चिकटलेली जागा ओलसर, अधिक गडद आणि चकचकीत दिसते. पावसाळ्यात काचेच्या आत बाष्प साचते, रोगण मऊ होते आणि चित्र काचेला धरून बसते. अशी जागा दिसली तर तिथेच थांबावे. ओढून काढले तर देवीचा चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. ते काम कागदाच्या संवर्धकाचे आहे.

२९/
चिकटलेले नसेल तर खिळे सावकाश काढून कागद सपाट ठेवावा. आपल्या नमुन्यात आता दोन गोष्टी उघड होतात. एक, कागदाच्या कडेने फिरणारी तपकिरी रेघ आताच्या चौकटीच्या मापाशी जुळत नाही, ती बोटभर आत आहे. म्हणजे हा कागद आधी दुसऱ्या, लहान चौकटीत बराच काळ होता. दोन, खालचा हाशिया पुरता कापलेला नसून काही भाग मागे दुमडला आहे, आणि त्या घडीत छापखान्याच्या नावाचा तुकडा व "कार्ला-लोणावळे" हे ठिकाण इंग्रजी अक्षरांत वाचता येते.

३०/
हे ठिकाण निर्णायक आहे. मळवली कार्ल्याच्या लेण्यांजवळच येते, आणि रविवर्मा छापखान्याच्या नंतरच्या चित्रांवर कार्ला-लोणावळ्याचाच पत्ता असे. गिरगाव किंवा घाटकोपर असते तर कागद १८९४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला ठरला असता. कार्ला-लोणावळे आहे, म्हणजे छपाई स्थलांतरानंतरची, ढोबळपणे विसाव्या शतकातली. १८९० च्या दशकातल्या लग्नाची गोष्ट या कागदाला लागू होणे अवघड आहे.

३१/
आता तिन्ही तारखा एका ओळीत ठेवता येतात. मूळ चित्र साधारण १८९६ चे. हा कागद विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला: पत्ता कार्ल्याचा, छपाई हाताने टिपलेल्या शिळांची, कागद अतिनील प्रकाशात मंद. ही चौकट १९५० ते १९५७ ची आणि त्या आधी आणखी एक चौकट. विक्रेत्याचे "मूळ चित्र" चुकीचे, कारण हे छापील आहे. घरातली समजूत बहुधा एका पिढीने पुढे सरकलेली. आजेसासूबाईंऐवजी सासूबाईंच्या लग्नाशी हा कागद सहज जुळतो.

३२/
याहून नेमके वर्ष सांगण्याचा मोह टाळावा. "१९१२" असे सांगणे दिसायला विद्वत्तेचे असते, पण वरच्या पुराव्यांतले काहीही त्या वर्षाकडे बोट दाखवत नाही. इतिहासाच्या दृष्टीने कक्षा हेच उत्तर असते. प्रत्येक टोकाला कोणता पुरावा उभा आहे, हे सांगता आले पाहिजे.

३३/
नेमके वर्ष मिळते ते कॅलेंडरच्या बाबतीत, आणि तेही वर्ष फाडून टाकलेले असताना. देवाचे चित्र ठेवण्यासाठी लोक खालच्या तारखा कापत. समजा एका चित्राखाली जानेवारीचे पान उरले आहे आणि वर्ष गेले आहे. १ तारखेला सोमवार आहे. २६ जानेवारी लाल अक्षरांत प्रजासत्ताक दिन म्हणून छापली आहे. चित्रावर दुकानाचे नाव आणि "चांदा, मध्य प्रदेश".

३४/
१ जानेवारीला सोमवार येणारी वर्षे १९३४, १९४०, १९४५, १९५१, १९६२, १९६८, १९७३ अशी आहेत. प्रजासत्ताक दिनामुळे १९४५ पर्यंतची गळतात. मध्य प्रदेशामुळे १९६२ पासूनची गळतात. १९५१ हे एकच उरते. आणि १९५१ चे कॅलेंडर वर्ष सुरू होण्याआधी वाटले जाते, म्हणून छपाई बहुधा १९५० ची. इथे ना भिंग लागले, ना टॉर्च. एक वार, एक सुटी आणि एक पत्ता पुरला.

३५/
म्हणून क्वार्टर रिकामे करताना क्रम एवढाच ठेवावा. आधी पाठीचे छायाचित्र, मग चिठ्ठी आणि वर्तमानपत्राचा तुकडा एका पाकिटात, मग भिंग, मग टॉर्च. कापलेला हाशिया, गंजका खिळा, फुटकी चौकट यांतले काहीही आधी फेकू नये. कागद पुन्हा काचेत घालताना कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवावी, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. पाठीवर शिसपेन्सिलने तिन्ही तारखा आणि प्रत्येकीचा पुरावा लिहावा. त्यानंतर कोणाला तसबीर विसर्जितच करायची असेल, तर तो घरच्यांचा अधिकार. निदान पाण्यात काय सोडले, हे त्यांना ठाऊक असेल.